क्लिक कोणत्या क्रमाने ठेवायचे?

वेबसाइट चालवणाऱ्याला सकाळी उठल्यावर काही साधी उत्तरे हवी असतात. काल आपल्या साइटवर किती जण आले, कुठून आले, कोणत्या पानावरून परत गेले. रशियातल्या यांडेक्स कंपनीची मेट्रिका ही सेवा हीच उत्तरे पुरवते. मालकाने आपल्या साइटवर कोडचा एक छोटा तुकडा बसवला, की तिथे उघडलेले प्रत्येक पान आणि दाबलेला प्रत्येक दुवा मेट्रिकाच्या डेटाबेसात एकेक ओळ होऊन जमा होतो. या ओळी किती असाव्यात? एका टप्प्यावर साठा १३ लाख कोटींच्या पुढे गेला होता आणि रोज २,००० कोटींहून जास्त घटनांची भर पडत होती, असे क्लिकहाउसच्या अधिकृत माहितीतच नोंदवले आहे.

क्लिकहाउस हा डेटाबेस याच पसाऱ्यासाठी घडला. अलेक्सेई मिलोविदोव्ह यांनी २००९ मध्ये यांडेक्समध्ये तो प्रयोग म्हणून हाती घेतला, २०१२ मध्ये तो मेट्रिकाच्या रोजच्या कामाला जुंपला गेला आणि २०१६ मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आता घटनांचा, म्हणजे इव्हेंटचा, ढीग जिथे साठतो तिथे तो दिसतो: मोबाइल ॲपमधल्या हालचाली, सर्व्हरचे लॉग, जाहिरातींवरचे क्लिक. त्याच्या वेगाचे किस्से पुष्कळ ऐकू येतात. मात्र तेच क्लिकहाउस एका टीमकडे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर देते आणि दुसऱ्या टीमकडे धापा टाकते. यामागचे कारण बहुतेक वेळा टेबल तयार करताना लिहिलेल्या दोन ओळींत सापडते. मेट्रिकाच्या डेटाचा नावगाव पुसलेला एक नमुना क्लिकहाउसने अभ्यासासाठी खुला ठेवला आहे. त्यातल्या पानभेटींच्या टेबलात त्या दोन ओळी अशा आहेत:

```sql
PARTITION BY toYYYYMM(EventDate)
ORDER BY (CounterID, EventDate, intHash32(UserID))
```

त्यातली दुसरी ओळ आधी पाहू, कारण खरे वजन तिचेच आहे.

क्लिक येतात ते वेळेच्या क्रमाने. एका सेकंदात हजारो साइटचे क्लिक एकमेकांत मिसळून सर्व्हरवर आदळतात. ते आले तसे डिस्कवर लिहिले, तर एका साइटच्या ओळी डिस्कभर विखुरतात. मालकाचा प्रश्न मात्र नेहमी एकाच साइटबद्दल असतो. मेट्रिका सुरुवातीच्या वर्षांत मायएसक्यूएलच्या `MyISAM` या प्रकारची टेबले वापरत होती, तेव्हा नेमकी हीच अडचण होती. इंडेक्स असल्यामुळे ओळ कुठे आहे ते लगेच कळायचे. पण त्या ओळी वेचून आणण्यासाठी डिस्कला इकडून तिकडे उड्या माराव्या लागत, आणि अहवाल एका महिन्याचा मागितला की उड्यांची संख्या काही हजारांवर जाई.

क्लिकहाउसने यावर काढलेला उपाय तसा सरळ आहे. ओळी डिस्कवर ठेवतानाच `ORDER BY` मध्ये सांगितलेल्या क्रमाने लावून ठेवायच्या. हीच सॉर्ट की. मेट्रिकात तिचा पहिला कॉलम `CounterID` आहे, म्हणजे साइटचा क्रमांक. त्यामुळे एका साइटच्या ओळी एकमेकींना लागून बसतात आणि अहवालासाठी डिस्कवरचा एक सलग पट्टा वाचला की काम भागते.

क्रम लागलेला असल्यामुळे प्रत्येक ओळीची नोंद इंडेक्समध्ये ठेवायची गरज उरत नाही. क्लिकहाउस ८,१९२ ओळींचा एक गट मानते. त्याला ग्रॅन्यूल म्हणतात. इंडेक्समध्ये प्रत्येक ग्रॅन्यूलच्या पहिल्या ओळीची की तेवढी असते. त्यामुळे कोट्यवधी ओळींचा इंडेक्सही मेमरीत आरामात मावतो. प्रश्न आला की क्लिकहाउस इंडेक्सवर नजर टाकून कोणते ग्रॅन्यूल वाचायची गरजच नाही ते ठरवते. एकच ओळ हवी असली तरी तिचा अख्खा ग्रॅन्यूल वाचावा लागतो. एका ओळीसाठी ८,१९२ ओळी वाचणे उधळपट्टी वाटेल, पण इथले प्रश्न सहसा लाखो ओळींची बेरीज मागणारे असतात.

कीमधल्या कॉलमांचा क्रम किती फरक पाडतो, ते क्लिकहाउसच्या दस्तऐवजातल्याच एका उदाहरणात छान दिसते. टेबलात सुमारे ८८ लाख ७० हजार ओळी आहेत, म्हणजे १,०८३ ग्रॅन्यूल. की आहे आधी `UserID`, मग `URL`. एका वापरकर्त्याची माहिती मागितली तेव्हा फक्त एक ग्रॅन्यूल वाचला गेला. नंतर त्याच टेबलाला एका वेबपत्त्याबद्दल विचारले. `URL` कीमध्ये असूनही १,०८३ पैकी १,०७६ ग्रॅन्यूल उघडावे लागले. असे का व्हावे? टेबल वापरकर्त्यांच्या क्रमाने लागलेले आहे आणि वापरकर्ते लाखाच्या घरात आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही डझन ओळी येतात. पत्ते लागलेले आहेत ते एकेका वापरकर्त्याच्या आतल्या आत, त्यामुळे एकच पत्ता पहिल्यापासून शेवटच्या ग्रॅन्यूलपर्यंत कुठेही सापडू शकतो. की उलटी करून `URL` पुढे आणला, तर त्याच प्रश्नासाठी ३९ ग्रॅन्यूल पुरले.

यावरून जाणकार जो शिरस्ता सांगतात तो असा: ज्या कॉलमावर प्रश्न नेहमी गाळले जातात तेच कीमध्ये घ्यावेत, आणि त्यांतही ज्यात वेगवेगळ्या किमती कमी आहेत तो आधी ठेवावा. पहिल्या कॉलमात मोजक्याच किमती असल्या की प्रत्येक किमतीचा पट्टा लांबलचक होतो, त्या पट्ट्यात दुसरा कॉलम नीट क्रमाने लागतो आणि इंडेक्सला दुसऱ्या कॉलमावरही ग्रॅन्यूल वगळता येतात. सोबत जागाही वाचते. सारख्या किमती शेजारीशेजारी आल्या की डेटा जास्त दाबला जातो. वरच्याच ओळी घेऊन दस्तऐवजात आणखी दोन टेबले केली आहेत. एकाची की `URL`, `UserID`, `IsRobot` अशी आहे, दुसऱ्याची नेमकी उलटी. `UserID` या कॉलमाने पहिल्या टेबलात ११.२४ एमबी जागा घेतली. उलट्या क्रमात तोच कॉलम ८७७ केबीत बसला.

आता मेट्रिकाच्या कीकडे पुन्हा पाहिले की तिच्यातली हुशारी लक्षात येते. दुसरा कॉलम `EventDate` आहे, म्हणजे नुसती तारीख. सेकंदापर्यंतची वेळ `EventTime` या कॉलमात हाताशी असूनही ती कीमध्ये घेतलेली नाही. नवखा माणूस हमखास तीच घेईल, कारण वेळ जितकी बारीक तितके चांगले असे वाटते. पण दुसऱ्या जागी सेकंद आला, की जवळपास प्रत्येक ओळीची किंमत वेगळी होते आणि तिसऱ्या कॉलमाला लागायला पट्टाच उरत नाही. तारीख ठेवल्यामुळे एका साइटच्या एका दिवसाचा मोठा पट्टा मिळतो आणि त्यात वापरकर्ते क्रमाने बसतात. तेही थेट क्रमांकाने बसत नाहीत, तर `intHash32` या फंक्शनने पिसून बसतात. याचा उपयोग नमुना काढण्यासाठी होतो. मोठ्या साइटचा अहवाल पटकन हवा असेल तर दहावा हिस्साच वाचून अंदाज करता येतो. तेव्हा एकेका वापरकर्त्याच्या सगळ्या ओळी एक तर नमुन्यात येतात, नाही तर सगळ्या बाहेर राहतात.

की चुकली आहे हे ओळखायला तर्क लढवत बसायची गरज नाही. क्वेरीच्या आधी `EXPLAIN indexes = 1` लिहिले की क्लिकहाउस कोणती की वापरली आणि एकूण ग्रॅन्यूलपैकी किती वाचावे लागणार, ते अपूर्णांकात दाखवते. रोजच्या प्रश्नाला तिथे `1076/1083` असे काही दिसले, तर ती की त्या प्रश्नासाठी नाही. चूक सुधारणे मात्र महागात पडते. असलेल्या टेबलाची की बदलता येत नाही. फार तर नव्याने घातलेला कॉलम तिच्या शेवटी जोडता येतो. मग नवे टेबल करून सगळा डेटा त्यात ओतावा लागतो. दुसरा मार्ग प्रोजेक्शनचा. त्यात त्याच डेटाची वेगळ्या क्रमाने लावलेली प्रत टेबलाच्या पोटात ठेवली जाते आणि जागेची किंमत मोजली जाते.

पार्टिशनची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत. पार्टिशन म्हणजे टेबलाचे वेगवेगळे कप्पे. मेट्रिकात ते महिन्यावार आहेत. ते केले की क्वेरी धावायला लागतील अशी अनेकांची समजूत असते, कारण इतर डेटाबेसांत तसा अनुभव आलेला असतो. क्लिकहाउसमध्ये वेगाचे काम सॉर्ट की करते. पार्टिशनचा खरा उपयोग जुना डेटा काढून टाकताना कळतो:

```sql
ALTER TABLE hits DROP PARTITION 202401
```

जानेवारी २०२४ चा सगळा डेटा एका आदेशात टेबलातून जातो. ओळी शोधायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत. कप्पाच बाजूला काढायचा आणि त्याच्या फाइली थोड्या वेळाने मागल्या मागे उडवायच्या.

मग कप्पे बारीक का करू नयेत? दिवसाचे, तासाचे, किंवा प्रत्येक साइटचा वेगळा? याचे उत्तर क्लिकहाउस डेटा कसा लिहून घेते त्यात आहे. प्रत्येक इन्सर्टमधून डिस्कवर एक नवा पार्ट तयार होतो. पार्ट म्हणजे एक स्वतंत्र फोल्डर, त्यात त्या इन्सर्टच्या ओळी क्रमाने लावलेल्या, कॉलमावार दाबलेल्या. एकदा लिहिलेला पार्ट पुन्हा बदलत नाही. मागे चालणारे मर्ज हे काम लहान पार्ट उचलते, त्यांच्यापासून मोठा, क्रमवार पार्ट बनवते आणि जुने टाकून देते. टेबलाच्या नावातला `MergeTree` हा शब्द त्यावरूनच आला आहे. मर्जचे पथ्य एकच: ते कधीही पार्टिशनची सीमा ओलांडत नाही. साइटवार कप्पे केले आणि एका इन्सर्टमध्ये ५० साइटच्या ओळी आल्या, तर एकाच फटक्यात ५० पार्ट जन्मतात आणि ते एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. एका इन्सर्टमध्ये १०० हून जास्त पार्टिशन आले, तर क्लिकहाउस मूळ सेटिंगनुसार ते नाकारतेच. म्हणून महिन्याहून बारीक कप्पे बहुतेकांना लागत नाहीत, आणि पुष्कळांचे तर पार्टिशनवाचूनही चालते.

एकेक ओळ इन्सर्ट करणाऱ्यांची गतही तीच होते. सेकंदाला शंभर इन्सर्ट म्हणजे सेकंदाला शंभर फोल्डर. मर्ज मागे पडते, एका कप्प्यातले पार्ट हजाराच्या वर गेले की क्लिकहाउस आधी इन्सर्ट मुद्दाम संथ करते, आणि तीन हजार ओलांडले की `Too many parts` म्हणत ते फेटाळते. जुन्या आवृत्त्यांत हा उंबरठा तीनशेचाच होता. निदान हजार, आणि जमल्यास दहा हजार ते लाख ओळी गोळा करून एकत्र पाठवाव्यात, असा त्यावरचा सल्ला आहे.

पार्ट बदलत नाही, हे एकदा कळले की एकेक ओळ दुरुस्त करणे क्लिकहाउसला का झेपत नाही, हे वेगळे समजवावे लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये एका ऑर्डरची स्थिती बदलायची तर इंडेक्समधून ओळ सापडते आणि आठ केबीच्या पानांशी काम आटोपते. क्लिकहाउसमध्ये `ALTER TABLE ... UPDATE` लिहिले की म्युटेशन सुरू होते. ती ओळ ज्या पार्टमध्ये आहे, त्या पार्टमधला बदललेला कॉलम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नव्याने लिहिला जातो. बाकीचे कॉलम जुन्याच फाइलींकडे बोट दाखवून वाचवले जातात, तेही पार्ट मोठा असेल तरच. मर्ज होऊन पार्ट दीडशे जीबीपर्यंत वाढू शकतो. अशा पार्टमध्ये एका ओळीतला एक आकडा बदलायचा म्हणजे कोट्यवधी किमती उघडायच्या, पुन्हा दाबायच्या आणि पुन्हा लिहायच्या.

शिवाय ही म्युटेशने रांगेने चालतात आणि आदेश दिला की लगेच परततात. काम मागे सुरू राहते. त्यामुळे ॲपला वाटते अपडेट झाले, आणि क्वेरी जुनेच उत्तर देते. रांग तुंबली आहे का ते इथे दिसते:

```sql
SELECT command, parts_to_do, latest_fail_reason
FROM system.mutations
WHERE NOT is_done
```

दर तासाला पाहिले आणि यादी वाढतच असेल, तर कुणीतरी क्लिकहाउसला पोस्टग्रेस समजून वापरत आहे. दुसरा धोका अधिक छुपा असतो: एखाद्या म्युटेशनची क्वेरी चुकीची असली की ती अडकून बसते आणि पाठीमागच्यांनाही अडवते. तिला `KILL MUTATION` ने काढावे लागते. वर्षातून एकदा हजारो ओळींतली चूक सुधारायला, किंवा कायद्याप्रमाणे कुणाची माहिती पुसायला म्युटेशन ठीक आहे. दर सेकंदाच्या व्यवहाराला नाही.

गंमत अशी की मेट्रिकालाही ओळी बदलाव्याच लागत होत्या. पानभेट घडून जाते, ती बदलत नाही. पण भेट, म्हणजे एका माणसाचे साइटवरचे एक सत्र, चालू असेपर्यंत वाढत राहते. पाच पाने पाहून १४६ सेकंद झाले अशी नोंद केली, आणि त्याने सहावे पान उघडले. आता? मतदार यादीत नाव चुकले तर निवडणूक कार्यालय छापलेली यादी खोडत नाही. काय वगळले आणि काय वाढवले ते पुरवणी यादीत देते. मेट्रिकाच्या टीमने तसेच केले. भेटींच्या टेबलाला त्यांनी `CollapsingMergeTree` हा प्रकार दिला आणि `Sign` नावाचा एक कॉलम घातला. दस्तऐवजातल्या उदाहरणात ही दुरुस्ती अशी दिसते:

```sql
INSERT INTO UAct VALUES
  (4324182021466249494, 5, 146, -1),
  (4324182021466249494, 6, 185, 1)
```

पहिली ओळ जुन्या नोंदीला रद्द करते, दुसरी नवी नोंद आणते. जुनी `+1` ची ओळ अजून डिस्कवर आहेच. म्हणून बेरीज `sum(PageViews * Sign)` अशी करायची: ५ उणे ५ अधिक ६, उत्तर ६. मर्ज झाले असो वा नसो, उत्तर तेच येते. पुढे मर्ज होताना एकमेकींना छेदणाऱ्या दोन ओळी गळून पडतात आणि जागा मोकळी होते. सगळे व्यवहार नुसते इन्सर्ट, आणि तेही हजारोंच्या गठ्ठ्यांत.

याला दोन अटी आहेत. रद्द करणारी ओळ लिहायची तर जुन्या किमती माहीत असाव्या लागतात, म्हणजे चालू सत्रांची स्थिती ॲपला बाहेर कुठेतरी धरून ठेवावी लागते. दुसरी अट सॉर्ट की आणि पार्टिशनची. दोन्ही ओळी मर्जमध्ये भेटल्या तरच गळतील, आणि भेटण्यासाठी त्यांची की व कप्पा एकच हवा. भेटींच्या टेबलात कप्पा भेट सुरू झाल्याच्या तारखेवरून पाडला आहे तो यामुळेच. ३१ तारखेला रात्री ११:५५ ला सुरू झालेली भेट १ तारखेपर्यंत रेंगाळली, तरी तिच्या सगळ्या ओळी आधीच्याच महिन्यात पडतात. शेवटच्या क्लिकच्या तारखेवरून कप्पा पाडला असता, तर रद्द करणारी आणि रद्द होणारी ओळ कायमच्या वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या असत्या.

जुनी किंमत माहीत नसेल, तर `ReplacingMergeTree` सोपे पडते. त्यात नवी ओळ टाकत जायचे आणि एकाच कीच्या ओळींपैकी सर्वांत नवी मर्जने ठेवायची. पण मर्ज कधी होईल याचा नेम नसतो, म्हणून वाचताना `FINAL` लावावे लागते आणि ती क्वेरी जड होते. कप्प्याची वरची अट इथेही सुटत नाही. ऑर्डरची स्थिती पार्टिशन किंवा सॉर्ट कीमध्ये घातली, तर 'पाठवली' आणि 'पोहोचली' या एकाच ऑर्डरच्या दोन्ही ओळी टेबलात नांदतात आणि विक्रीचा आकडा दुप्पट दिसतो.

जुलै २०२५ मधल्या २५.७ या आवृत्तीत क्लिकहाउसने ओळखीच्या `UPDATE ... SET ... WHERE` या रूपात हलके अपडेट आणले. त्यात पूर्ण कॉलम पुन्हा लिहिला जात नाही. बदललेल्या किमतींचा एक छोटा पॅच पार्ट तयार होतो, वाचताना तो मूळ डेटावर चढवला जातो आणि पुढे मर्जमध्ये मुरतो. टेबलाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या ओळी बदलणाऱ्या अपडेटसाठी हे उत्तम चालते. मात्र पॅच साठले की वाचणे मंदावते, आणि प्रत्येक अपडेट हाही एक नवा पार्टच असल्यामुळे, एकेका ओळीचा असा मारा चालू ठेवला तर तोच `Too many parts` पुढे येऊ शकतो. म्हणून ऑर्डरची चालू स्थिती पोस्टग्रेससारख्या डेटाबेसात ठेवून, ती बदलली की 'स्थिती बदलली' ही घटना नवी ओळ म्हणून क्लिकहाउसकडे पाठवायची, ही वाटणी अजूनही प्रचलित आहे. चालू स्थिती लागलीच तर `argMax(status, event_time)` ने सर्वांत ताजी किंमत निघते. त्यासाठी की `(shop_id, order_id)` अशी सुरू होत असेल, तर एका दुकानाच्या ऑर्डरींसाठी मोजकेच ग्रॅन्यूल वाचावे लागतात.